खसाचा फाया

मेहबूबच्या डाव्या कानात अत्तराचा फाया असायचा आणि जुन्नरच्या बाजारात त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जुनी माणसं असा फाया पाळीच्या वरच्या खोबणीत ठेवतात. मेहबूब तो थेट कानाच्या भोकात बसवायचा, एवढाच फरक. खसाचं अत्तर, तेही जरा सढळ हातानं. बँडमधली पोरं म्हणायची, मेहबूबचाचा जवळ आले की वाळ्याचा पडदा ओला केल्यासारखं वाटतं.

पडदा होताच तो. त्याच्या आड एक वास दडलेला होता. लहानपणापासून त्याचा डावा कान वाहायचा. पाऊसकाळात जास्त, उन्हाळ्यात कमी. दुखत मात्र कधीच नसे. ऐकू येणं हळूहळू उजव्या कानावर आलं आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून तो बँडमध्ये कायम डाव्या टोकाला उभा राहायचा. तो गेणभाऊच्या बँडमधला मुख्य क्लॅरिनेटवाला. गाणं तो उचलायचा, बाकीचे त्याच्या मागून. क्लॅरिनेटवाल्याचा कान सडलाय हे एकदा गावात झालं की सुपारी द्यायला आलेला पावणा दुसऱ्या बँडचं दार विचारणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून फाया. बायकोला, जहाँआराला, कान वाहतो एवढं ठाऊक होतं; किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. उशीचा अभ्रा तो स्वतः धुवायचा.

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर क्लॅरिनेट वाजवताना त्याचा डावा गाल फडफडू लागला. पापणीखाली एखादा किडा वळवळावा तसं. मग चहा जिभेच्या एकाच अंगाला गोड लागू लागला. डाव्या अंगाला जुनं नाणं चाटल्यासारखी चव. तुळशीचं लग्न लागलं आणि सराई सुरू झाली. वरच्या सुरांना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून वारा निसटायला लागला. त्यानं क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पत्ती बदलली. दुसरी बदलली. मग तोंडातली नळी थोडी उजवीकडे सरकवून वाजवायचं शिकून घेतलं. शेजारच्या ट्रम्पेटवाल्यालाही कळलं नाही, इतकं बेमालूम.

ओतूरच्या एका वरातीत ते बेमालूमपण संपलं. ऐन चौकात, नवरदेव घोड्यावर, पोरं नाचात, आणि क्लॅरिनेटमधून सूर निघायच्या ऐवजी फुसकन हवा निघाली. त्यानं पुन्हा ओठ आवळले. डावा ओठ आवळलाच नाही. गॅसबत्ती धरलेल्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ स्वतः त्याला घेऊन हौशीराम डॉक्टरांकडे गेला. ओतूरच्या पेठेत त्यांचा दवाखाना. पंचक्रोशीतले जुने एमबीबीएस, हाताला गुण असलेले, गरिबाला ओळखणारे. त्यांचं पूर्ण नाव पाटीवर होतं, पण आडनावानं त्यांना कुणी हाक मारत नसे.

"काय मेहबूबभाई, तोंड कुणीकडं निघालं?" डॉक्टर म्हणाले.

"वारं गेलंय त्याच्यावरून," गेणभाऊ म्हणाला. "थंडीत टेंपोच्या टपावर बसून येतोय. किती येळा सांगितलं, लेका, आत बस. तर ह्याला आत डिझेलचा वास लागतो. वास! ह्याला! जो अत्तराची बाटली अंगावर घेऊन झोपतो."

"कधीपासून?"

मेहबूबनं तोंड उघडलं, पण गेणभाऊ आधी बोलला. "कालपासून. काल रातच्याला चौकात बंद पडला. त्याआधी झकास व्हता."

गाल फडफडतो, चहा कडवट लागतो, नळी उजवीकडे सरकवतो, हे सगळं सांगायचं तर मालकासमोर सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी त्याला उजेडाला बसवलं. "कपाळ वर करा. आठ्या पाडा, उधारीवाला आल्यासारख्या." उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी बाजू इस्त्री केल्यासारखी राहिली. "डोळे गच्च मिटा." उजवा मिटला. डाव्याची पापणी अर्ध्यात थांबली आणि आतलं बुबुळ वर गेलं, पांढरं दिसू लागलं. "दात दाखवा. गाल फुगवा. शीळ घाला." प्रत्येक वेळी चेहरा उजवीकडे ओढला जाई.

हौशीराम डॉक्टर खूश झाले. कंपाउंडरला बोलावून त्यांनी मेहबूबचं कपाळ दाखवलं. "हे बघ. नुसतं तोंड वाकडं असतं आणि कपाळावर आठ्या पडल्या असत्या, तर मी म्हटलं असतं, मेंदूत झटका आला, गाडी काढा. कपाळाला दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो. एकीकडचा मेंदू बसला तरी कपाळ हलतं. इथं कपाळ पण गेलंय, डोळा पण गेलाय, तोंड पण गेलंय. म्हणजे मेंदू ठणठणीत. खालची नस सुजलीय."

त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. नस सुजलीय की दाबली जातेय, आणि कुठे, एवढंच पाहायचं राहिलं.

"कान वाहतो का? दुखतो?" डॉक्टरांनी विचारलं. ते प्रिस्क्रिप्शन लिहायला लागलेले होते.

"न्हाई हो," गेणभाऊ हसला. "त्याच्या कानावर तर आमचा बँड चालतोय."

डॉक्टर उठले, मेहबूबच्या कानाशी वाकले. त्या क्षणी त्याला वाटलं, आता फाया काढतील. काढला तर बरंच होईल, असंही वाटलं. अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये कानात बघायची बॅटरी होती. तिचं काळं नळकांडं कागदांखालून डोकावत होतं.

डॉक्टरांनी खोल वास घेतला. "खस," ते म्हणाले. "अस्सल. कनौजचं?" आणि परत जाऊन बसले.

स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, रात्री डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलं, आरशासमोर तोंडाचे व्यायाम दिले. "याला बेल्स पाल्सी म्हणतात. दहातले आठ आपोआप बरे होतात. गोळी घेतली तर आणखी लवकर. तीन आठवडे धरा, फार तर दोन महिने. घाबरायचं काम नाही."

चौथ्या दिवशी गाल खरंच थोडा हलला. जहाँआरानं शिरा केला. आठवड्यानं गोळ्या संपल्या आणि गाल पुन्हा पडला, आधीपेक्षा जास्त. मेहबूब ओतूरला गेला. डॉक्टर म्हणाले, नस इंचाइंचानं जागी होते, धीर धरा. तो महिन्यानं पुन्हा गेला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करता का? तो करत होता. आरशात बघून कपाळ वर करायचा, एकच बाजू वर जायची. "ई" म्हणायचा, "ऊ" म्हणायचा, निम्मं तोंड म्हणायचं. खाताना घास डाव्या गालात साठून राहायचा आणि बोट घालून काढावा लागायचा. रात्री जहाँआरा त्याची पापणी खाली ओढून वर चिकटपट्टी लावायची. तो उघड्या डोळ्यानं झोपला की तिला भीती वाटायची, असं ती म्हणत नसे. तिच्या हातावरून कळायचं.

बँडला गेणभाऊनं संगमनेरहून एक पोरगा आणला. "तू बरा होस्तवर," तो म्हणाला. तसं त्याच्या मनातही होतं.

पौष लागला, लग्नं थांबली. एका सकाळी उशीवर पिवळ्यात मिसळलेलं रक्त होतं आणि मेहबूब अजून झोपेत होता. अभ्रा पहिल्यांदा जहाँआराच्या हाती लागला. तिनं वाकून त्याच्या कानातला फाया दोन बोटांनी ओढून काढला. खसाचा वास वर आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिनं बुरखा घातलेला होता.

"उठा. मंचरला जायचं."

"हौशीराम डॉक्टर म्हणाले..."

"त्यांनी ह्यो काढून बघितला व्हता का?"

मेहबूब उठून चपला शोधू लागला.

मंचरला कांद्याच्या ट्रकांच्या गर्दीतून पलीकडे गेलं की डॉक्टर बेंडेबाईंचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. बाई पुण्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनं करायच्या आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इथं बसायच्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी मेहबूबला आडवं केलं, कान साफ केला, सूक्ष्मदर्शक खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत कागदाची एकेक पट्टी अडकवली आणि त्याला बसवून ठेवलं. पट्ट्या काढून शेजारी शेजारी धरल्या. दोन्ही सारख्याच भिजल्या होत्या. मग जीभ बाहेर काढायला लावून डाव्या कडेला साखर लावली.

"जीभ आत घ्यायची नाही. काय लागलं?"

मेहबूबनं मान हलवली. काही नाही.

उजव्या कडेला लावली. त्यानं गोड म्हणून बोट वर केलं.

बाईंनी कपाटातून एक हाड काढून टेबलावर ठेवलं. मूठभर, वाळकं, खडबडीत. "हे कानाचं हाड. माणसाच्या अंगात याच्याइतकं टणक हाड दुसरं नाही. चेहरा हलवणारी नस यातून जाते. कालवा डोंगरातून बोगद्यानं येतो ना, तशी." त्यांनी पेन्सिलीचं टोक हाडाच्या आतल्या बाजूच्या भोकावर ठेवलं. "मेंदूकडून इथून आत शिरते, ऐकण्याच्या नसेच्या सोबतीनं. थोडं पुढं जाते आणि इथं पहिलं वळण. या वळणावर डोळ्याला पाणी देणारा फाटा निघतो. तुमच्या दोन्ही पट्ट्या भिजल्या, म्हणजे इथवर सगळं ठीक आहे."

पेन्सिल मागे सरकली. "मग ती मागं वळते आणि मधल्या कानातून आडवी जाते, ऐकायची जी बारकी हाडं असतात त्यातल्या शेवटच्या हाडाच्या बरोब्बर वरून. इथं तिच्यावरचं छप्पर अंड्याच्या टरफलाएवढं. काहींना तेवढंही नसतं. मग दुसरं वळण, आणि सरळ खाली, कानामागच्या हाडातून. उतरताना दोन फाटे. पहिला कानातल्या एका बारक्या स्नायूला जातो, मोठा आवाज आवरायला. तो गेला की ढोल डोक्यात बसतो. तुम्हाला बसला नाही, कारण तुमचा कान आधीच बंद होता. दुसरा फाटा जिभेला, चवीचा. तो तुमचा गेलाय."

मेहबूब हाडाकडे बघत होता. "म्हणजे बिघाड हितं आणि हितं, याच्या मधी," तो म्हणाला.

"हो. आणि सूक्ष्मदर्शकातून मला तिथंच दिसतंय. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कातडी आत ओढली गेलीय. ती आत साठत जाते, सडते आणि शेजारचं हाड खाते. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही." त्या आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. ते लांबलचक होतं, त्याच्या लक्षात राहिलं नाही. "तिनं बोगद्याचं छप्पर खाल्लंय. नस उघडी पडून दाबली जातेय."

"आणि चेहरा?" जहाँआरानं विचारलं.

बाईंनी पेन्सिल हाडाच्या खालच्या भोकातून ओवली. "इथून, पाळीच्या मागून, नस बाहेर येते. गालातल्या लाळेच्या गाठीत शिरते आणि कालव्याला फुटतात तशा पाच चाऱ्या फुटतात. कपाळाला, डोळ्याला, गालाला आणि वरच्या ओठाला, खालच्या ओठाला, मानेला. चाऱ्या सगळ्या चांगल्या आहेत. पाणी वरच अडलंय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तोंड एकाएकी वाकडं झालं?"

यावेळी तिथं गेणभाऊ नव्हता. मेहबूबनं सगळं सांगितलं. दसऱ्यानंतरची फडफड, चहा, निसटणारा वारा, सरकवलेली नळी.

"बेल्स पाल्सी दोन-तीन दिवसांत होते," बाई म्हणाल्या. "आठवड्यांनी वाढत जाते ती बेल्स नसते. हे तुम्ही त्यांना सांगितलं?"

"न्हाई."

"आणि त्यांनी कानात बघितलं?"

"वास घेतला," मेहबूब म्हणाला.

बाईंनी मान खाली घालून हाड कपाटात ठेवलं. "ऑपरेशन करावंच लागेल, नाहीतर आजार मेंदूकडं जाईल. नसेवरचा दाब काढीन. चेहऱ्याचं वचन देत नाही. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर कदाचित दिलं असतं."

"मला क्लॅरिनेट वाजवायचंय, मॅडम. बाकी कपाळ न्हाई हललं तरी चालंल."

"नस एक आहे, मेहबूबभाई. त्यातलं निवडून देता येत नाही."

ऑपरेशन पुण्याला झालं. आजार निघाला. नस उघडी पडलेली, दाबून फितीसारखी चपटी झालेली होती, पण तुटलेली नव्हती, असं तो शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्याला सांगितलं. कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. त्यानं त्याबद्दल विचारलंही नाही.

पुढचा पाऊसकाळ सुरू झाला आणि एके दिवशी दाढी करताना डाव्या गालावर खळी पडल्यासारखं झालं. पडल्यासारखं, पडली नाही. मग डोळा मिटू लागला. चिकटपट्टी बंद झाली. दसऱ्याच्या आधी जहाँआरानं चोरून त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याचा चेहरा बसल्या जागी सरळ दिसत होता. अनोळखी माणसाला कळलं नसतं. मेहबूबनं पेटी उघडली, क्लॅरिनेट पुसलं, पत्ती ओली केली आणि ओठ आवळले.

डावा डोळा मिटला.

त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं. डोळा उघडला. पुन्हा ओठांना लावलं, डोळा पुन्हा मिटला, आणि डोळा मिटताना ओठाचा कोपरा वर ओढला गेला. तिथून वारा निसटला. जाणूनबुजून डोळा उघडा ठेवायचा प्रयत्न केला तर ओठ ढिले पडत. दुपारभर तो एकच सूर धरायचा प्रयत्न करत राहिला आणि जहाँआरा आत भाकरी थापत, न बघता, ऐकत राहिली.

बेंडेबाईंनी त्याच्या चेहऱ्यावर बोट फिरवून सांगितलं. नस परत वाढते तेव्हा तिच्या तारा जुन्या वाटेनं जातीलच असं नाही. ओठाची तार डोळ्याच्या चारीत शिरते. पाणी येतं, पण ओठाचं पाणी डोळ्याच्या शेतात. व्यायामानं थोडं आवरेल, जाणार नाही.

सराईला गेणभाऊनं त्याला परत बोलावलं. हाकललं असं त्याला कुणी म्हणू शकलं नसतं. कोट तोच दिला, लाल, सोनेरी पट्ट्यांचा. हातात खुळखुळे दिले.

"ताल तर तुझ्या रगतात हाय, मेहबूब," तो म्हणाला. "आणि पुढं नको उभा राहू, राव. मागं, ढोलाशेजारी. पावण्यांना उगं..."

"उगं काय?"

"काय न्हाई. मागं उभा राहा."

संगमनेरच्या पोराच्या उजव्या अंगाला आता तो उभा नसे, डाव्याही नसे. मागून त्याला पोराचे चुकलेले सूर ऐकू यायचे, एकाच कानानं, पण स्पष्ट.

नव्व्याण्णवच्या वैशाखात हौशीराम डॉक्टरांच्या मुलीचं, श्रेयाचं, लग्न ओतूरला निघालं आणि बँड अर्थातच गेणभाऊचा. मेहबूबनं जायला नकार द्यावा असं जहाँआराला वाटत होतं. तो गेला. ऑपरेशनपासून तो एक वाक्य जवळ बाळगून होता. तुम्ही कानात बघितलं नाही. एवढंच. शिवी नाही, भरपाई नाही, आरडाओरडा नाही. स्वतः सांगितलं नाही याचा हिशेब तो रोज आरशासमोर देत होता. डॉक्टरांनी आपला भाग एकदा ऐकावा, इतकंच. माझ्यानंतर आणखी कुणी फाया घालून येईल तेव्हा ते निदान ड्रॉवरमधली बॅटरी काढतील.

वरात देवळापाशी थांबली, गाणं बदलायचं होतं. डॉक्टर फेटा बांधून, गळ्यात हार, पाहुण्यांना पुढे घालत फिरत होते. त्यांचं लक्ष मागच्या रांगेत गेलं आणि ते हात पसरून थेट आले.

"अरे मेहबूबभाई! कपाळ वर करा बघू."

सवयीनं त्याचं कपाळ वर गेलं. दोन्ही बाजूंनी, डावीकडे जरा कमी. डॉक्टरांनी शेजारच्या व्याह्यांचा दंड धरला. "बघा. दीड वर्षापूर्वी हा माणूस वाकडं तोंड घेऊन आला होता माझ्याकडं. सगळे म्हणत होते झटका. मी म्हटलं, बेल्स आहे, धीर धरा. बघा आता."

"वा," व्याही म्हणाले.

"आणि खस अजून तेच!" डॉक्टर वाकून त्याच्या कानाशी आले. कानात फाया नव्हता, वर्षभरात नव्हता. वास त्यांच्या स्वतःच्या फेट्यावर शिंपडलेल्या अत्तराचा होता.

मेहबूबनं खुळखुळे एका हातात घेतले. रांगेतली पोरं वळून बघत होती, गेणभाऊ लांबून डोळ्यांनी दटावत होता. आता. त्यानं वाक्य उचललं. "तुम्ही" म्हणायला ओठ गोल केले.

डावा डोळा टपकन मिटला.

डॉक्टर खदखदून हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, बघा, डोळा मारतोय! पुरता बरा झालाय गडी." व्याही हसले. मागची पोरं हसली, कारण मालकाच्या यजमानांबरोबर हसायचं असतं. हसू आवरायला म्हणून कुणीतरी ढोलावर एक थाप दिली आणि ती सुरुवातीची थाप समजून संगमनेरच्या पोरानं गाणं उचललं.

डॉक्टर फेटा सावरत पुढे निघून गेले. मेहबूबचे ओठ अजून गोल होते आणि डोळा मिटलेला. त्यानं ओठ सैल सोडले, तेव्हा डोळा उघडला. रांग चालू लागली होती. पहिल्याच कडव्यात पोरानं वरचा सूर हुकवला, आणि मेहबूब मागून खुळखुळे वाजवत चालू लागला.